स. न. वि. वि., उधारी जमणार नाही

‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी पूर्वी आपल्याकडच्या बहुतेक दुकानांत गल्ल्याच्या मागे टांगलेली असे. कुठेकुठे ती अजूनही आहे. ती वाचून कुणाला राग आल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही. ती सगळ्यांना उद्देशून असते, आणि जे सगळ्यांना उद्देशून असते ते कुणालाच लागत नाही. खरी पंचाईत पुढे होते. तीन-चार वर्षे बिनबोभाट रोखीने माल नेणारे एखादे गिऱ्हाईक एके दिवशी लेखी मागणी करते, ‘या वेळी दोन महिन्यांची उधारी द्यावी.’ आता पाटीकडे बोट दाखवून भागत नाही. त्या माणसाला त्याच्या नावानिशी उत्तर द्यावे लागते, आणि इथे भल्याभल्या व्यापाऱ्यांची लेखणी अडखळते.

माझी सारी नोकरी बँकेत गेली, त्यातली निम्म्याहून अधिक वर्षे कर्ज विभागात. नकाराची पत्रे लिहिणे हा माझ्या कामाचाच भाग होता. पण बँकेचा नकार आणि दुकानदाराचा नकार यांत मोठा फरक आहे. बँकेच्या अधिकाऱ्याला नियमांचा आणि वरिष्ठ कार्यालयाचा आडोसा असतो, शिवाय तीन वर्षांनी त्याची बदली होते. दुकानदाराची बदली होत नाही. ज्याला आज नकार दिला, तोच उद्या एखाद्या लग्नाच्या पंगतीत शेजारी येऊन बसतो. म्हणून दुकानदाराने लिहिलेल्या नकाराच्या पत्राचे मला नेहमीच कुतूहल वाटत आले आहे. असे एक चांगले पत्र अलीकडे माझ्या वाचनात आले. त्याबद्दल आज लिहायचे आहे.

दुकान सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. पाइप, फिटिंग, नळ, पाण्याच्या टाक्या असा ठोक आणि किरकोळ माल. मालक माझ्या मित्राचा मुलगा. तो मला काका म्हणतो आणि अधूनमधून हिशेबाचे काही विचारायला येतो. मागणी करणारा नळकामाची कंत्राटे घेणारा एक ठेकेदार. महिन्याला पन्नासएक हजारांचा माल तो रोखीने नेत असे. त्याला एका नव्या इमारतीचे सगळे नळकाम मिळाले. चार लाखांचा माल लागणार होता आणि तो त्याला साठ दिवसांच्या उधारीवर हवा होता.

मुलाच्या वडिलांच्या हाती दुकान होते तेव्हा अशा मागणीला उत्तर जात नसे. ते म्हणत, ‘बघू.’ पुन्हा विचारले की ‘माल संपलाय’, आणि हे बोलताना त्यांच्या मागे पाइपांची चळत छताला टेकलेली दिसत असे! तिसऱ्यांदा विचारले की भिडेपोटी माल द्यायचे. भीड ही भिकेची बहीण असे आपल्याकडे म्हणतात. त्या भिडेची जुनी वही मुलाने अजून जपून ठेवली आहे, आणि तिच्यातली काही नावे आता या जगात नाहीत. ‘बघू’ या शब्दाचा तोटा असा की ऐकणारा त्याचा अर्थ ‘हो’ असा घेतो आणि त्या भरवशावर पुढचे काम अंगावर घेतो. ऐन वेळी माल मिळाला नाही की तो दुसरीकडे धावतो आणि गावभर सांगतो की याने मला लटकवले. वेळेवर दिलेल्या नकाराने असे काही होत नाही.

आता हिशेब पाहू, कारण पत्राचा सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. माल चार लाखांचा, त्यावर अठरा टक्के जीएसटी बहात्तर हजार, एकूण बिल ४,७२,००० रुपये. या मालावर दुकानाला आठ टक्के, म्हणजे बत्तीस हजार रुपये सुटतात. पाइप कंपनी या दुकानाला उधार देत नाही, पैसे आधी घेते. तेव्हा खरेदीची किंमत, तिच्यावरचा कर आणि सरकारात भरायचा उरलेला कर मिळून दुकानदाराच्या खिशातून ४,४०,००० रुपये गेलेले असतात. इथे एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. गिऱ्हाइकाने पैसे दिले नाहीत म्हणून सरकार थांबत नाही. दर महिन्याला विवरण भरणाऱ्या व्यापाऱ्याला या महिन्याच्या बिलाचा कर पुढच्या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत भरावाच लागतो. म्हणजे उधारी फक्त मालाची नसते, गिऱ्हाइकाच्या वाट्याचा करही दुकानदार पदरचा भरून बसतो.

हे ४,४०,००० रुपये बँकेच्या कॅश क्रेडिट खात्यातून, बारा टक्के व्याजाने आलेले आहेत असे धरा. साठ दिवसांचे व्याज सुमारे ८,७०० रुपये होते. बत्तीस हजारांच्या नफ्यातला पाव भागाहून अधिक तिथेच गेला. शिवाय साठ दिवस हे कागदावरचे. ठेकेदाराला इमारतीच्या मालकाकडून पैसे मिळायचे असतात, मालकाला फ्लॅट विकले गेल्यावर. साठाचे नव्वद झाले की व्याज तेरा हजारांवर जाते. आणि पैसे बुडालेच तर? गेलेले ४,४०,००० रुपये आठ टक्क्यांच्या नफ्याने भरून काढायला पंचावन्न लाखांचा माल विकावा लागेल. त्यात दुकानभाडे, नोकरांचे पगार आणि विजेचे बिल मी धरलेलेच नाही.

बँकेत आमच्याकडे दर महिन्याला व्यापाऱ्यांची येणेकऱ्यांची यादी येत असे. तिच्यावरून त्या महिन्यात किती रक्कम उचलू द्यायची हे ठरे. नव्वद दिवसांपेक्षा जुने येणे आम्ही सहसा त्या हिशेबातून वगळत असू. यादीत एखादे नाव तीन-चार महिने त्याच रकमेसह दिसले की समजावे, हे येणे मेलेले आहे. काही व्यापारी हुशारी करून जुने बिल रद्द करत आणि नव्या तारखेचे फाडत, म्हणजे येणे पुन्हा तरणे दिसे. पण रुपयापैशासकट तीच रक्कम नव्या तारखेने आली की आम्हाला कळायचेच. सांगायचे एवढेच, की दिलेली उधारी दुकानदाराला दोनदा बाधते. स्वतःचा पैसा अडकतो आणि बँकेतून मिळायचा पैसाही आटतो.

मुलाने हा सगळा हिशेब मांडला आणि दोन मसुदे लिहिले. पहिल्या मसुद्यात एक वाक्य होते, ‘आम्ही कुणालाही उधार देत नाही.’ ते खरे नव्हते. दोन सरकारी ठेकेदारांची आणि एका शाळेची खाती त्याच्याकडे चालू होती, आणि लहान गावात ही गोष्ट दुपारच्या चहापर्यंत कळते. खोटे कारण दिले की नकारापेक्षा खोटेपणाच जास्त बोचतो. दुसऱ्या मसुद्यात ‘सध्या शक्य नाही’ असे होते. ‘सध्या’ हा शब्द दिसायला मऊ, पण तो पुढच्या महिन्यात पुन्हा विचारायचे आमंत्रण देतो. पेठेत कुणीतरी सांगितले होते की या ठेकेदाराने दुसऱ्या एका दुकानाचे पैसे रखडवले आहेत. मुलाने ते कुठल्याच मसुद्यात घातले नाही, हे उत्तम केले. ऐकीव गोष्ट पत्रात लिहिली की ती लिहिणाऱ्याची होते, आणि मग ती सिद्ध करत बसावे लागते.

शेवटी गेलेले पत्र असे होते:

‘स. न. वि. वि.
आपले पत्र मिळाले. नव्या इमारतीचे काम आपल्याला मिळाल्याचे वाचून आनंद झाला. मालासाठी आपण आमच्याकडे विचारणा केलीत याबद्दल आभारी आहोत.
आपण साठ दिवसांच्या उधारीची मागणी केली आहे. ती आम्हाला मान्य करता येणार नाही. दुकानाचे भांडवल पाहून उधारीची एकूण रक्कम आम्ही ठरवून ठेवली आहे. ती आधीच्या खात्यांत पूर्ण गुंतली आहे आणि या आर्थिक वर्षात ती वाढवायची नाही असे ठरले आहे. आपल्या आजवरच्या व्यवहाराबद्दल आमची काहीही तक्रार नाही.
माल रोखीने घेतल्यास आम्ही बिलावर दोन टक्के वटाव देऊ. सगळा माल एकदम उचलण्याची गरज नाही. काम पुढे सरकेल तसा चार खेपांत घ्यावा व प्रत्येक खेपेचे पैसे माल गाडीत भरण्यापूर्वी बँकेतून आमच्या खात्यावर जमा करावेत. पैसे नंतर आल्यास त्या खेपेला वटाव मिळणार नाही. पहिल्या दोन खेपांना आजचा दर तीस दिवस कायम राहील. नंतर कंपनीच्या त्या दिवशीच्या दराप्रमाणे. न कापलेले पाइप व न उघडलेल्या पेट्या बिल दाखवून काम संपल्यावर परत घेऊ.
या अटींवर माल घ्यायचा असल्यास पहिल्या खेपेची यादी शनिवारपर्यंत पाठवावी, म्हणजे तो बाजूला काढून ठेवता येईल.
कळावे.’

पत्रात काय नाही ते आधी पाहा. ‘खेद आहे’ नाही, ‘नाइलाजास्तव’ नाही. नकार दुसऱ्या परिच्छेदाच्या दुसऱ्याच वाक्यात येतो. वाचणाऱ्याला तो शोधावा लागत नाही आणि लिहिणाऱ्याला त्याची लाज वाटलेली दिसत नाही. कारण दिले आहे ते दुकानाच्या भांडवलाचे, गिऱ्हाइकाच्या पतीचे नाही, आणि ते खरे आहे. कारण दुकानाचे असले की त्यावर वाद घालता येत नाही. ‘तुमची पत पुरेशी नाही’ असे लिहिले असते तर दुसऱ्या दिवशी तो जमिनीचे उतारे घेऊन आला असता.

दोन टक्के वटाव हा आकडा कुठून आला? चार लाखांवर दोन टक्के म्हणजे आठ हजार. उधारी दिली असती तर बँकेला ८,७०० रुपये व्याज गेले असते. म्हणजे बँकेला द्यायचे ते गिऱ्हाइकाला दिले, आणि दुकानाला पदरचे काही घालावे लागले नाही. उलट उधारीत २३,३०० रुपये सुटले असते, तेही पैसे वेळेवर आले तर. रोखीत चोवीस हजार सुटतात आणि झोपही लागते. अनेक दुकानदार रोखीला पाच-सात टक्के सूट जाहीर करतात. आठ टक्क्यांच्या धंद्यात सात टक्के सूट देणाऱ्याने एकतर भाव आधी चढवलेले असतात किंवा त्याला हिशेब येत नसतो. वटाव व्याजाच्या मापाचा असावा. तो बिलावरच वजा दाखवावा हेही महत्त्वाचे, कारण मग करही उरलेल्या रकमेवरच लागतो.

पण माझ्या मते पत्राचा जीव वटावात नाही, खेपांत आहे. ठेकेदाराला चार लाखांचा माल लागणार होता हे खरे, पण पहिल्या दिवशी नाही. भिंती खोदून आतले पाइप टाकायचे काम आधी, उभ्या वाहिन्या नंतर, नळ आणि सिंकच्या तोट्या तर फरशी बसल्यावर. एक खेप वटाव जाऊन करासकट १,१५,६४० रुपयांची. ४,७२,००० जमवता न येणारा माणूस एवढी रक्कम जमवू शकतो, आणि पहिल्या टप्प्याचे पैसे हाती आले की दुसरी खेप उचलू शकतो. त्याला उधारी हवी होती असे त्याला वाटत होते. खरे म्हणजे त्याच्याकडे एका वेळी लागणारी रक्कम कमी करून हवी होती. अशा कामात उरलेला माल ही ठेकेदाराची दुसरी चिंता. एल्बो, टी आणि सॉकेट मोजून आणले तरी पेटीभर उरतात. ते परत घेण्याचे आश्वासन उधारीच्या तोडीचे आहे.

‘रोख’ या शब्दाबद्दल मात्र जपावे. पेठेत रोख म्हणजे ताबडतोब, नोटाच असे नव्हे. पण काही लोक पिशवी भरून नोटा आणतात. २०१७ पासून एका माणसाकडून एका दिवसात, किंवा एका व्यवहारापोटी, दोन लाख वा त्याहून अधिक रक्कम नोटांनी घ्यायला आयकर कायद्याने मनाई आहे, आणि दंड बसतो तो घेणाऱ्याला, घेतलेल्या रकमेएवढा. म्हणून पत्रात ‘बँकेतून आमच्या खात्यावर’ असे स्पष्ट लिहिले ते योग्यच. दुसरी वाट पुढच्या तारखेच्या चेकची. ‘रोखच समजा की, महिन्याचा चेक देतो,’ असे म्हणणारा उधारीच मागत असतो, फक्त तिला कागदाचे कपडे घालून. तो चेक परत आला तर बँकेची सूचना मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस, मग पंधरा दिवस वाट, मग महिन्याच्या आत कोर्टात तक्रार. एवढ्या धावपळीत पुढच्या दोन मोसमांचा धंदा बुडतो.

हे पत्र तोंडी का सांगितले नाही, असे मुलाच्या वडिलांनी मला विचारले. त्यांच्या मते घरच्या माणसाला कागद पाठवणे बरे दिसत नाही. पण झाले असे, की ठेकेदाराने तो कागद खिशात घातला आणि थेट इमारतीच्या मालकापुढे ठेवला. ‘दुकानदार रोख मागतोय, हे बघा. मालापुरती उचल द्या.’ तोंडी नकार त्याला कुणापुढे ठेवता आला नसता, दाखवायला गेला असता तर त्याचीच पत कमी दिसली असती. पत्रात ‘आपल्या व्यवहाराबद्दल तक्रार नाही’ हे वाक्य असल्याने त्याला ते अभिमानाने दाखवता आले. मालकाने कुरकुर करत पहिल्या खेपेपुरती उचल दिली.

सगळेच सुरळीत झाले असे मात्र नाही. ठेकेदाराने पाइप आणि फिटिंग इथून रोखीने नेले, पण टाक्या आणि नळ दुसऱ्या दुकानातून उधारीवर घेतले. तिथला भाव तीन टक्क्यांनी चढा होता, हे त्याला ठाऊक होते. मुलाला वाईट वाटले. मला वाटले नाही. टाक्या-नळांत पैसे जास्त काळ अडकतात आणि ज्याला ती जोखीम तीन टक्क्यांत परवडते त्याने ती खुशाल घ्यावी. शिवाय असे पत्र सगळीकडे चालत नाही. आमच्याच भागातल्या खत-बियाण्यांच्या दुकानदाराने उसाच्या शेतकऱ्याला ‘खेपेखेपेने रोख द्या’ असे लिहिले तर काय उपयोग? ऊस बारा ते अठरा महिन्यांनी तुटतो, मधल्या काळात खेपेचे पैसे येणार कुठून? तिथे उत्पन्नच एकदा येते, तेव्हा उधारी तरी द्यावी लागते किंवा त्याला पीककर्जासाठी सोसायटीकडे अथवा बँकेकडे पाठवावे लागते. ज्याच्या हाती पैसा हप्त्याहप्त्याने येतो, त्यालाच हप्त्याहप्त्याने रोख मागता येते.

हे पत्र आता त्या पेठेत फिरते आहे. आणखी दोघा दुकानदारांनी मुलाकडे त्याची नक्कल मागितली. छापून घ्यावी, फक्त नाव आणि तारीख भरायची, असा त्यांचा विचार आहे. मी त्याला सांगितले, नक्कल दे, पण ‘तक्रार नाही’ हे वाक्य खोडून दे. ज्याचे मागचे चाळीस हजार थकले आहेत त्याला हे वाक्य गेले तर तो ते वसुलीच्या वेळी तुमच्याच तोंडावर वाचून दाखवील. अशा माणसाला पत्र लिहायचे तर पहिल्या ओळीत मागची बाकी, बिलाच्या तारखेसह, यायला हवी, आणि वटावाचा शब्द ती बाकी मिटल्यानंतरच्या परिच्छेदात.